लोणी येतं त्या तापमानाला दुधाचा फेस धरत नाही

ताक घुसळताना आजीचा हात मधूनमधून भांड्याला बाहेरून लागायचा. उन्हाळ्यात लोणी गोळा होईना, नुसतंच तेलकट होऊन तरंगायला लागलं, की ती माठातलं गार पाणी ओतायची. थंडीत घुसळून घुसळून हात भरून आले तरी लोणी येत नसेल तर वाटीभर कोमट पाणी. थर्मामीटर तिने कधी वापरलं नाही, पण लोणी एका ठरावीक गारव्यालाच येतं हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

बऱ्याच वर्षांनी मी घरी कॉफीसाठी दूध फेसाळायला लागले, तेव्हा फेस यायचा आणि कपापर्यंत पोचेतो बसायचा. दूध करपू नये म्हणून मी ते कोमटच ठेवत होते. चूक तिथेच होती. लोण्याला जे तापमान मानवतं, नेमकं तेच फेसाला मानवत नाही. एस्प्रेसो मशीन घरात नसताना व्हिस्क, फ्रेंच प्रेस किंवा फिरकीच्या झाकणाची बरणी यांपैकी काहीही वापरा, ही एक गोष्ट कळली की पुढचं बहुतेक सगळं आपोआप उलगडतं.

आधी फेस म्हणजे काय ते बघू. फेस म्हणजे दुधात अडकलेली हवा. साध्या पाण्यात हवा घुसळली तर बुडबुडे लगेच फुटतात, कारण त्यांना धरून ठेवणारं कुणी नसतं. दुधात ते काम प्रथिनं करतात. प्रथिनाच्या लांब साखळीचा काही भाग पाण्यात रमतो आणि काही भाग पाण्यापासून दूर पळू पाहतो. बुडबुडा तयार झाला की ही साखळी त्याच्या कडेवर येऊन बसते, थोडी उलगडते आणि शेजारच्या साखळ्यांत गुंतते. असा प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा जेवढा सलग, तेवढा फेस टिकाऊ.

हा पापुद्रा फाडते ती दुधातली चरबी, पण नेहमी नाही. दुधात चरबी अतिशय बारीक गोळ्यांच्या रूपात असते आणि प्रत्येक गोळीला स्वतःचं आवरण असतं. फ्रिजमधल्या ४-५ अंश सेल्सिअसच्या दुधात या गोळ्या बऱ्याचशा घट्ट असतात आणि फारशा त्रास देत नाहीत. दूध साधारण ४० अंशांच्या वर गेलं की आतली चरबी पूर्ण वितळते, गोळी मऊ होते आणि बुडबुड्याच्या बाजूने सरकून जाते. अडचण आहे ती मधल्या पट्ट्यात, म्हणजे १५ ते ३५ अंशांच्या आसपास. इथे गोळीतली चरबी अर्धी घट्ट आणि अर्धी पातळ असते. घट्ट भागाचे स्फटिक आवरणातून बाहेर टोचतात, आतली पातळ चरबी झिरपते, एक गोळी दुसरीला चिकटते. दही घुसळताना आपल्याला हेच हवं असतं, त्यातूनच लोण्याचा गोळा बनतो. कॉफीच्या दुधात मात्र हीच झिरपलेली चरबी बुडबुड्याच्या कडेवर पसरते आणि प्रथिनांचा पापुद्रा तुटतो.

म्हणून फेसासाठी दोनच जागा उरतात. एक तर फ्रिजमधून काढल्या काढल्याचं थंडगार दूध, नाहीतर चांगलं कढत, ५५ ते ६५ अंशांचं. कोमट दूध दोन्हीकडून वाया जातं. वरची मर्यादाही आहे. दूध ७० अंशांच्या पुढे गेलं की त्यातली काही प्रथिनं एकमेकांना चिकटू लागतात, उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि वर साय धरायला लागते. शिवाय दूध जितकं गरम तितकं पातळ, त्यामुळे फेसातून ते लवकर खाली निथळतं. कॉफीची माणसं ६५ वर थांबा म्हणतात त्यामागे चवीचाही आग्रह असतो. आपल्याकडे उकळलेल्या दुधाची चव जिभेवर लहानपणापासून बसलेली असते, तेव्हा चवीसाठी मी कुणाला अडवणार नाही. फेसासाठी मात्र ही मर्यादा पाळावी.

एस्प्रेसो मशीनची वाफेची नळी दोन कामं एकदम करते. वाफ दूध तापवते आणि तिच्या जोराने दूध गरगर फिरून हवा आत ओढली जाते, मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. घरी आपल्याला ही कामं वेगळी करावी लागतात. त्यातही हवा भरणं सोपं आहे. भरलेली हवा बारीक करणं अवघड, आणि तिथेच तिन्ही साधनांतला फरक दिसतो.

माझ्या मते सगळ्यात चांगलं काम फ्रेंच प्रेस करते. दांड्याला बारीक जाळी लावलेलं हे कॉफीचं भांडं. दांडा वरखाली केला की दूध शेकडो छिद्रांतून जातं, आणि प्रत्येक फेरीला मोठे बुडबुडे चिरले जाऊन त्यांचे लहान लहान होतात. व्हिस्कच्या चार-सहा तारांना हे त्या प्रमाणात जमत नाही.

एका मगाचा हिशोब मांडते. मग २०० ते २५० मिलिलिटरचा, त्यात ५० ते ६० मिलिलिटर कडक कॉफी. ती मोका पॉटमधली असेल, दक्षिणी फिल्टरचा पहिला घट्ट डिकॉक्शन असेल, किंवा तेवढ्याच गरम पाण्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी असेल, कशीही चालेल. साखर घालायची तर ती याच कॉफीत विरघळवून टाका. दूध १२० मिलिलिटर. भांडं ३५० मिलिलिटरचं छोटं फ्रेंच प्रेस.

आता तापमान. घरात थर्मामीटर नसेल तर एक साधी युक्ती आहे, आणि आपल्या घरांत दूध उकळतंच म्हणून ती आपल्याला विशेष सोयीची आहे. दोन भाग उकळतं दूध आणि एक भाग फ्रिजमधलं गार दूध एकत्र करायचं. १२० मिलिलिटरसाठी ८० उकळतं आणि ४० गार. गणित करून बघा, मिश्रण ६८ अंशांच्या जवळ येतं. काचेचं भांडं आणि जाळी त्यातले काही अंश शोषून घेतात, आणि घुसळायला सुरुवात होईपर्यंत आपण साठ-बासष्टच्या आसपास असतो. गार दूध पाश्चराइझ केलेलं पिशवीचं असावं, किंवा आधी उकळून गार केलेलं. गोठ्यावरून आणलेलं निरसं दूध असं मिसळू नका, कारण ६० अंशांवर क्षणभर राहून ते सुरक्षित होत नाही. उकळतं दूध ओतताना चहाच्या गाळण्यातून ओता. सायीचा एक तुकडा जरी जाळीवर बसला तरी छिद्रं बुजतात, आणि साय म्हणजे बरीचशी चरबी, तीही आता गोळ्यांच्या आवरणात न राहिलेली.

हा हिशोब नको असेल तर पातेल्यात मंद आचेवर तापवा आणि हाताने ओळखा. कडेला मण्यांसारखे बारीक बुडबुडे दिसू लागले, वाफ स्पष्ट दिसते आहे, पण दूध अजून हललेलं नाही, तिथे आच बंद करायची. पातेल्याला बाहेरून बोट लावलं तर एखाद्या क्षणात काढून घ्यावंसं वाटलं पाहिजे. बोट आरामात टेकून राहत असेल तर तुम्ही अजून लोण्याच्या मुलखात आहात.

फ्रेंच प्रेसचं काचेचं भांडं आधी नळाच्या गरम पाण्याने विसळून घ्या. गार काचेत एकदम कढत दूध पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि दूधही फुकट थंड होतं. भांडं गॅसवर कधीच ठेवू नका. १२० मिलिलिटर दूध या भांड्यात साधारण ३ सेंटीमीटर उंचीचं दिसतं. एवढंच हवं. एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरलं तर फेस झाकणाबाहेर येतो.

झाकण लावून एका हाताने ते घट्ट धरा. भांड्याची चोच स्वतःपासून आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकरापासून दुसरीकडे वळवा, कारण पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तिथून दूध उडू शकतं. सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांत जाळी दुधाच्या पृष्ठभागाच्या जरा वर येऊ द्या, म्हणजे हवा आत जाईल. त्यानंतर जाळी दुधाच्या आतच ठेवायची आणि भराभर आखूड फेऱ्या मारायच्या, साधारण पंधरा ते वीस. पहिला भाग हवा भरण्याचा, दुसरा ती हवा बारीक करण्याचा. बहुतेक जण सगळ्याच फेऱ्या तळापासून वरपर्यंत मारतात, मग साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे येतात आणि दोष भांड्याला दिला जातो.

दांडा जड लागायला लागला की थांबायची वेळ जवळ आली. दूध ३ सेंटीमीटरवरून साडेचारवर गेलं असेल, म्हणजे दीडपट झालं असेल, तर कॅपुचिनोसाठी पुरे. लाटे कॉफीसाठी त्याहून कमी, चार सेंटीमीटरच्या आत. दुप्पट झालं तर तुम्ही पुढे गेलात. असा फेस कोरडा असतो, चमच्याने उचलावा लागतो आणि खाली पातळ दूध वेगळं राहतं. प्यायला वाईट नाही, पण घोटाघोटाला तोंडात एकदा नुसती हवा आणि मग नुसतं दूध येतं.

झाकण काढा, भांडं घडी केलेल्या फडक्यावर दोन-तीनदा हलकेच टेकवा. वरचे मोठे बुडबुडे फुटतील. मग भांडं गोल गोल फिरवत राहा, म्हणजे वरचा फेस आणि खालचं दूध पुन्हा एकजीव होईल. दूध ओल्या रंगासारखं चकाकायला लागलं की लगेच ओतायचं. इथे वेळ घालवू नका. लहान बुडबुड्याच्या आतला दाब मोठ्या बुडबुड्यापेक्षा जास्त असतो, म्हणून लहानांतली हवा हळूहळू मोठ्यांत जाते. त्याच वेळी दूध खाली निथळत असतं. मिनिटभरात तोच फेस जाडसर दिसतो, आणि तो पुन्हा तापवून, पुन्हा घुसळून पहिल्यासारखा होत नाही. म्हणून कॉफी आधी तयार ठेवावी आणि दूध शेवटी करावं.

व्हिस्कने हेच पातेल्यात करता येतं, फक्त मेहनत जास्त आणि बुडबुडे जरा मोठे. पातेलं उभट आणि अरुंद निवडा. पसरट पातेल्यात दूध इतकं उथळ असतं की तारा अर्धा वेळ हवेतच फिरतात. दूध साठ अंशांच्या जवळ आलं की आच बंद करा, पातेलं किंचित तिरपं धरा आणि व्हिस्क गोल न फिरवता भराभर डावी-उजवीकडे मारा. गोल फिरवलं की दूधही त्याच दिशेने व्हिस्कबरोबर फिरायला लागतं आणि तारा त्याला कापत नाहीत. डावी-उजवीकडे मारताना येणाऱ्या दुधाला परत जाणारी तार आडवी जाते.

व्हिस्कचा दांडा दोन तळहातांमध्ये धरून रवीसारखा घुमवला तर हात कमी दुखतो. दर अर्ध्या फेरीला दिशा उलटते, म्हणून परिणामही चांगला होतो. घरात लाकडी रवी असेल तर तीही चालते, मात्र ताकाची रवी वापरायची तर आधी कढत पाण्याने नीट धुवा. लाकडात मुरलेला लोण्याचा अंश फेसाला पुरेसा मारक असतो, आणि आंबट वास कॉफीत उतरतो तो वेगळाच. दीड-दोन मिनिटांत चांगला फेस येतो. त्यावर पान किंवा हृदय काढायची अपेक्षा ठेवू नका, तेवढा बारीक तो क्वचितच होतो. फ्रेंच प्रेसच्या दुधाने साधं हृदय जमू शकतं.

बरणीचा मार्ग मात्र पूर्ण वेगळा, आणि तो वेगळा का ते आता लक्षात येईल. बरणीत दूध थंडच घुसळायचं.

गरम दूध बंद बरणीत हलवलं तर आतली हवा तापून फुगते, त्यात वाफेची भर पडते, आणि हे सगळं हलवल्यामुळे काही क्षणांत होतं. झाकण जरा सैल झालं की फस्सकन कढत दूध हातावर, तोंडावर उडतं. काच जुनी असेल तर तिला तडाही जाऊ शकतो. कोमट दूध उडणार नाही, पण ते पडतं लोण्याच्या पट्ट्यात. म्हणून बरणीसाठी एकच जागा उरते, ती फ्रिजची.

फ्रिजमधून दूध काढा, बाहेर ठेवून कोमट होऊ देऊ नका. बरणी अर्ध्याहून कमी भरा, फेसाला जागा हवी. झाकण घट्ट लावून तीस ते पंचेचाळीस सेकंद जोरात हलवा. आवाज बदलतो त्याकडे कान द्या. आधी पाण्यासारखं खळखळतं, मग आवाज मऊ होत जातो. दूध दीडपट ते दुप्पट झालं की झाकण काढा आणि मायक्रोवेव्हमध्ये चालणारी बरणी उघडीच अर्धा मिनिट आत ठेवा. धातूचं झाकण सोबत जाता कामा नये, आणि बरणीच्या काचेची खात्री नसेल तर फेसाळलेलं दूध अलगद मोठ्या मगात ओतून तापवा. तापताना आतली हवा फुगते, फेस वर चढतो, म्हणून दाराच्या काचेतून लक्ष ठेवा आणि काठापर्यंत आला की थांबवा. या उष्णतेने प्रथिनांचा पापुद्राही जरा घट्ट बसतो, त्यामुळे थंड फेसापेक्षा हा जास्त वेळ टिकतो.

मायक्रोवेव्ह नसेल तर चमच्याने फेस अडवून खालचं पातळ दूध पातेल्यात ओता, तापवा, कॉफीत घाला आणि बरणीतला गार फेस वरून सोडा. गरम कॉफीवर तो निम्मा तरी कोमट होतो. बर्फाच्या कॉफीसाठी तर बरणीच सगळ्यात योग्य, तिथे काही तापवायचंच नाही.

आता दूध कोणतं. पिशवीवर टोन्ड लिहिलेलं असतं तेव्हा त्यात ३ टक्के चरबी असते, डबल टोन्डमध्ये दीड टक्का, फुल क्रीममध्ये ६ टक्के. बरणीच्या थंड फेसाला डबल टोन्ड फार छान, कारण बिघडवणारी चरबीच कमी. पण तो फेस तोंडात हलका, पोकळ लागतो. फ्रेंच प्रेसमध्ये कढत दुधासाठी मी टोन्ड घेते. फुल क्रीमने फेस थोडा कमी चढतो पण चव भरीव येते, आणि ६० अंशांवर तो टिकतोही. म्हशीचं सुट्टं दूध असेल तर ते उकळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, सकाळी जाड साय काढून घ्या. ती साय विरजणात जाईलच.

सगळं बरोबर करूनही फेस आलाच नाही तर दोन ठिकाणी बघा. पहिलं, भांडं. फ्रेंच प्रेसमध्ये तुम्ही कॉफीही करत असाल तर जाळीच्या थरांमध्ये कॉफीचं तेल बसतं आणि तेल हे फेसाचं वैरी. जाळीचे स्क्रू सोडवून थर वेगवेगळे करून धुवावे लागतात. धुतल्यावर साबणही पूर्ण जायला हवा. साबण स्वतः फेस करतो म्हणून तो मदत करेल असं वाटतं, पण तो बुडबुड्याच्या कडेवरून प्रथिनांना हुसकावून लावतो आणि दुधाचा फेस कोसळतो.

दुसरं, दुधाचं वय. दूध नासलेलं नसतं, चवीला जवळपास ठीकच असतं, पण तीन-चार दिवस उघडं राहिलेल्या पिशवीत जंतूंमुळे चरबी थोडी थोडी तुटू लागलेली असते. तुटलेल्या चरबीचे हे तुकडे साबणासारखेच प्रथिनांची जागा बळकावतात. लक्षण असं की घुसळताना फेस भरपूर चढतो आणि हात थांबताक्षणी सोड्याच्या बाटलीसारखा चुरचुर आवाज करत बसत जातो. कान जवळ नेला तर ऐकू येतो. असं दूध चहाला वापरा आणि कॉफीसाठी नवी पिशवी फोडा.